आवाज बसला घशाचा आणि सीटी स्कॅन छातीचा? (मिडिआस्टिनमचे कप्पे समजून घ्यायचे आहेत)

निलेश_वाईकर
नमस्कार मंडळी.

दोन महिने झाले, वडिलांचा आवाज बसलाय. वय ६८, एसटीतून निवृत्त झालेले वाहक. आयुष्यभर ज्या माणसाचा आवाज गाडीच्या शेवटच्या सीटपर्यंत जायचा, तो आता फोनवर बोलला तर पलीकडच्याला कोण बोलतंय तेच कळत नाही. घोगरा म्हणावा तसाही नाही, हवा निसटल्यासारखा फुसका. पाणी पिताना ठसका लागतो. घसा दुखत नाही, ताप नाही.

सुरुवातीला गुळण्या, वाफ, गोळ्या सगळं झालं. शेवटी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे नेलं. त्यांनी नाकातून दुर्बीण घालून पाहिलं आणि म्हणाले, "डावा स्वरतंतू हलतच नाही. छातीचा सीटी करून आणा, मानेपासून खाली पोटाच्या वरच्या भागापर्यंत." मी विचारलं, घशासाठी छाती कशाला? ते म्हणाले, "मिडिआस्टिनम बघायचंय." बाहेर वीस पेशंट बसलेले, पुढे विचारायची सोय नव्हती.

घरी येऊन वाचायला बसलो तर जास्तच गोंधळ. एके ठिकाणी मिडिआस्टिनमचे चार भाग म्हणतात, दुसरीकडे तीन. नावंही वेगळी. दोन प्रश्न आहेत. छातीच्या मधल्या जागेचा आवाजाशी संबंध काय? आणि कप्पे नक्की किती?

सीटी परवा आहे.

---

स्वरसाधक
निलेशराव, आमच्या गायनाच्या वर्गात हे नेहमीचं. ज्येष्ठमधाची काडी तोंडात धरा, आठ दिवस मौन आणि थंड पूर्ण बंद. आवाज मोकळा होतो, अनुभव आहे.

---

शल्य_सोलापूर
@स्वरसाधक, ओरडून किंवा गाऊन स्वरतंतू सुजतात तेव्हा तुमचा सल्ला चालेल. इथे दुर्बिणीतून दिसलंय की तंतू हलत नाही. म्हणजे तंतूला सूज नाही, त्याची नस काम करत नाहीये. नस का बंद पडली ते शोधल्याशिवाय मौन धरून काही होणार नाही. दोन-तीन आठवड्यांवर आवाज बसलेला राहिला तर दुर्बीण घालून घ्यावीच.

---

बाळासाहेब_क
कारण सोपं आहे. स्वरयंत्राच्या दोन्ही नसा मेंदूतून निघून थेट छातीत उतरतात, तिथे वळसा घेऊन परत वर घशाकडे येतात. त्यामुळे छातीत कुठेही गाठ असली की आवाज जातो. मी ३१ वर्षं जीवशास्त्र शिकवलंय.

---

मृणाल_शरीररचना
बाळासाहेब, वळसा खरा, पण दोन्ही नसांचा वळसा सारखा नाही. निलेशचं उत्तर त्या फरकातच आहे, म्हणून सविस्तर लिहिते. मी वैद्यकीय महाविद्यालयात शरीररचनाशास्त्र शिकवते.

मेंदूच्या तळातून वेगस नावाची नस दोन्ही बाजूंनी मानेतून खाली येते. स्वरयंत्राला जाणारी शाखा तिला वाटेत फुटते आणि उलटी वर जाते, म्हणून तिला रिकरंट म्हणतात. उजवीकडे ही शाखा मानेच्या बुडाशीच, उजव्या हाताकडे जाणाऱ्या धमनीखालून वळते आणि वर जाते. छातीत ती जवळजवळ शिरतच नाही. डावीकडे मात्र वेगस महाधमनीच्या कमानीवरून खाली उतरते, शाखा त्या कमानीच्या खालच्या काठाशी फुटते, कमानीखालून मागे वळते आणि श्वासनलिका व अन्ननलिका यांच्यामधल्या खाचेतून वर स्वरयंत्रापर्यंत चढते.

डिसेक्शन हॉलमध्ये मी मुलांना हे असं दाखवते. डावं फुफ्फुस बाहेर काढलं की महाधमनीची कमान समोर येते, अंगठ्याएवढी जाड. तिच्यावरून दोन पांढऱ्या दोऱ्या उतरताना दिसतात. पुढची फ्रेनिक, मागची वेगस. चिमट्याने वेगस हलकीशी उचलली की कमानीच्या खालच्या कडेला तिची फांदी ताणली जाते आणि तिथेच शेजारी एक टणक पांढरा पट्टा बोटाला लागतो. बाळ पोटात असताना फुफ्फुसधमनी आणि महाधमनी यांना जोडणारी जी रक्तवाहिनी असते, तिचा हा उरलेला दोर. डावी नस बरोबर याच दोराला वळसा घालून गेलेली असते.

या वळशाच्या जागी गाठ, फुगवटा, काहीही आलं तरी ही नस दाबली जाते आणि डावा स्वरतंतू थांबतो. उजवा स्वरतंतू थांबला असता तर डॉक्टरांनी आधी मान आणि फुफ्फुसाचं टोक पाहिलं असतं. तुमच्या डॉक्टरांनी "डावा" शब्द उच्चारला तेव्हाच छातीचा सीटी ठरला होता.

---

ईशा_एमबीबीएस_पहिलं_वर्ष
मॅडम, मला हे आजवर पाठ होतं, आज कळलं. पण नस एवढा उलटा फेरा का घेते? सरळ वरूनच का नाही जात?

---

मृणाल_शरीररचना
कारण गर्भात सुरुवातीला हृदय आणि त्याच्या धमन्या गळ्याशीच असतात. तेव्हा ही नस धमनीच्या खालून स्वरयंत्राकडे जाते आणि तो सरळच रस्ता असतो. पुढे मान लांबते, हृदय छातीत उतरतं आणि धमनी नसेला खाली ओढत नेते. डावीकडे ती धमनी मघाचा तो दोर होऊन टिकते, म्हणून डावी नस छातीत अडकते. उजवीकडे तोच भाग नाहीसा होतो, नस वर सरकून हाताच्या धमनीला अडते. जिराफातही असंच आहे, तिथे हा फेरा काही मीटरचा होतो.

---

मोरया_पुणे
म्हणजे पुण्यातल्या पुण्यात जायला स्वारगेटवरून हडपसर आणि परत डेक्कन. रोजचं आहे आमचं 😄

निलेश, बाबांना लवकर आराम पडो.

---

कोल्हापूरची_माई
माझ्या आईचा आवाज असाच गेला होता. तिला लहानपणी सांधे धरणारा ताप आला होता, त्यात हृदयाची झडप खराब झाली. आम्हाला वाटायचं दम लागतो म्हणून आवाज गेला. मग एका वयस्कर डॉक्टरांनी सांगितलं की हृदय फुगून नस दाबली गेली आहे. निलेश, बाबांचं हृदयही तपासून घ्या रे.

---

शल्य_सोलापूर
माई, तुमचे डॉक्टर अनुभवी होते. ऑर्टनर नावाच्या डॉक्टरने १८९७ मध्ये हेच लिहिलं, झडप अरुंद झालेल्या रुग्णांचा आवाज जातो म्हणून. त्याला वाटलं, फुगलेला डावा कर्णिका कप्पाच नसेला दाबतो. नंतर असं दिसलं की तो कप्पा थेट तिथे पोचत नाही. फुफ्फुसातला दाब वाढून फुफ्फुसधमनी फुगते आणि नस तिच्या आणि महाधमनीच्या मधे चिमटली जाते. दोन रक्तवाहिन्यांमधली ती खिडकी लहानशी असते, आत सरकायला जागा नसते.

---

निलेश_वाईकर
ताई, डॉक्टर, मनापासून आभार. वडिलांना नस कशी जाते ते कागदावर काढून दाखवलं, त्यांनी घडी करून खिशात ठेवलं.

पण दुसरा प्रश्न राहिलाच. कप्पे तीन की चार?

---

मृणाल_शरीररचना
आधी बोटाने शोधा. गळ्याच्या खाली, छातीच्या मधल्या हाडाच्या वर जी खळगी असते तिथे बोट ठेवा आणि हाडावरून खाली सरकवा. साधारण तीन बोटांवर आडवा उंचवटा लागेल. दुसरी बरगडी तिथेच जोडलेली असते. त्या उंचवट्यातून एक आडवी पातळी सरळ मागे पाठीच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्याच्या मधे जाते असं समजा.

दोन फुफ्फुसांच्या मधे जी जागा आहे तिचे या पातळीने वरचा आणि खालचा असे दोन मजले होतात. वरच्या मजल्यावर महाधमनीची कमान, तिच्यातून निघून डोक्याला आणि हातांना जाणाऱ्या तीन धमन्या, त्यांच्या पुढे डोक्या-हातांचं रक्त परत आणणाऱ्या मोठ्या शिरा, मागे श्वासनलिका, तिच्या मागे अन्ननलिका आणि मघाच्या नसा. गळ्यापासून छातीत जाणारी सगळी रहदारी इथून जाते.

खालच्या मजल्याला हृदयाची पिशवी तीन भागांत विभागते. पिशवी आणि तिच्यातलं हृदय म्हणजे मधला कप्पा. पिशवीच्या पुढे, छातीच्या हाडाच्या मागे एक चिंचोळी फट उरते तो पुढचा कप्पा. त्यात चरबी, थोड्या लसिकाग्रंथी आणि थायमस नावाच्या ग्रंथीचं खालचं टोक. पिशवीच्या मागे, मणक्यांच्या पुढे तो मागचा कप्पा. तिथे अन्ननलिका, खाली उतरणारी महाधमनी, तिच्या उजवीकडे अझायगस नावाची शीर आणि या दोघींच्या मधे आतड्यांतून चरबी वाहून आणणारी पातळ लसिकानलिका. वरचा एक आणि खालचे तीन, म्हणून चार.

---

छायाचित्रकार
मी तीस वर्षं एक्स-रे आणि सीटी काढतोय, डॉक्टर नाही. तरी मॅडमना एक विचारायचंय. ती आडवी रेष फिल्मवर कुठेच दिसत नाही. आमचे रेडिओलॉजिस्ट रिपोर्टमध्ये "वरचा मजला" असं लिहीतच नाहीत. ते म्हणतात, सीटीत मी वरून खालपर्यंत चकत्या बघतो, मधेच रेष कशाला मारू? त्यांचे तीनच कप्पे असतात.

---

शल्य_सोलापूर
बरोबर. निलेशने वाचलेले "तीन" हेच. २०१४ मध्ये थायमसच्या गाठींवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय गटाने सीटीवर आधारलेली विभागणी दिली. रक्तवाहिन्यांच्या पुढचा, मधला अवयवांचा आणि मणक्याशेजारचा. मानेच्या बुडापासून श्वासपटलापर्यंत सगळे सलग. अन्ननलिका त्यांच्याकडे मधल्या कप्प्यात आहे, मॅडमच्या पुस्तकात खालच्या मजल्यावरच्या मागच्या कप्प्यात. रिपोर्ट वाचताना लिहिणाऱ्याने कुठली पद्धत धरली ते आधी बघावं लागतं, नाहीतर "मागचा" शब्दावरून दोन डॉक्टरांत गैरसमज होतो. मी स्वतः तसा एकदा फसलोय. रिपोर्ट "मागचा" म्हणत होता, मी मणक्याजवळची नसेची गाठ समजून तयारीला लागलो, निघाली अन्ननलिकेच्या भिंतीतली.

---

बाळासाहेब_क
नसेच्या गाठी मागच्या कप्प्यात असतात हे तर सगळ्या पुस्तकांत आहे. मणक्यांच्या बाजूने जाणारी सिंपथेटिक नसांची साखळी मागच्याच कप्प्यात आहे ना?

---

मृणाल_शरीररचना
इथे आमच्याच विभागात एकमत नाही, बाळासाहेब. काटेकोर पाहिलं तर मागचा कप्पा मणक्यांच्या पुढे संपतो आणि ती साखळी बरगड्यांच्या मुंडक्यांवरून, म्हणजे त्याच्या बाजूने जाते. तिच्या पोटाकडे जाणाऱ्या शाखा तेवढ्या आत शिरतात. पण परीक्षेत आणि रोजच्या बोलण्यात "मागचा कप्पा" म्हटलं की साखळी धरली जाते. तीन कप्प्यांच्या पद्धतीत "मणक्याशेजारचा" असं नावच दिल्याने हा वाद मिटतो. मी वर्गात दोन्ही सांगते.

---

वैशाली_ठाणे
आमचा अनुभव पुढच्या कप्प्याचा. नवऱ्याच्या पापण्या संध्याकाळी खाली यायच्या, जेवताना जबडा थकायचा. मायस्थेनिया, म्हणजे स्नायू लवकर थकण्याचा आजार निघाला. सीटीत छातीच्या हाडामागे थायमसची गाठ. मला तोवर थायमस हा अवयव असतो हेच माहीत नव्हतं. लहानपणी मोठा असतो आणि नंतर त्याची चरबी होत जाते, असं डॉक्टर म्हणाले.

ऑपरेशनआधी सर्जननी सांगितलेलं एक वाक्य अजून लक्षात आहे. "गाठ काढणं अवघड नाही, दोन्ही कडांना फ्रेनिक नस आहे, तिला जपायचंय. ती गेली तर श्वासपटल थांबतं." मॅडमनी वर दोन पांढऱ्या दोऱ्या लिहिल्या त्यातली पुढची हीच का?

---

मृणाल_शरीररचना
हीच, वैशालीताई. दोघी वरून जवळजवळ येतात, पण फुफ्फुसाच्या देठापाशी वेगळ्या होतात. फ्रेनिक देठाच्या पुढून जाते आणि हृदयाच्या पिशवीला चिकटून श्वासपटलाकडे उतरते. वेगस देठाच्या मागून जाऊन अन्ननलिकेवर पसरते. म्हणून पुढच्या कप्प्याच्या ऑपरेशनमध्ये फ्रेनिकची धास्ती आणि मागच्यात वेगसची. मुलांना देठ हातात धरायला लावते, पुढे अंगठा, मागे तर्जनी. अंगठ्याखाली फ्रेनिक, तर्जनीखाली वेगस. मग विसरत नाहीत.

---

निलेश_वाईकर
रिपोर्ट आला. मराठीत करून लिहितो, चूक असेल तर सांगा.

"एओर्टोपल्मनरी विंडोमध्ये २२ मिमी लसिकाग्रंथी. कॅरिनाच्या खाली १५ मिमी ग्रंथी. डाव्या फुफ्फुसाच्या वरच्या भागात जुन्या व्रणासारखे पट्टे. महाधमनी सामान्य. दोन्ही श्वासपटलं सामान्य पातळीवर." शेवटी लिहिलंय, ऊतीची तपासणी करावी.

महिन्यापूर्वीचा एक्स-रे "नॉर्मल" होता. तेव्हा ही गाठ नव्हती का?

---

छायाचित्रकार
असेल, दिसली नसेल. साध्या एक्स-रेत डाव्या बाजूला महाधमनीची गोळी आणि तिच्याखाली फुफ्फुसधमनी असे दोन उंचवटे दिसतात. त्यांच्या मधे खाच असते. तीच तुमची खिडकी. निरोगी माणसात ती आत वळलेली असते. गाठी भरल्या की खाच बुजते आणि रेषा सरळ किंवा बाहेर फुगलेली दिसते. पण २२ मिमीची गाठ आत खोल असेल तर खाच तशीच राहू शकते. त्यात पेशंट थोडा तिरका उभा राहिला तरी खाच बदलते. जुनी फिल्म टाकू नका, डॉक्टरांना नवीन सीटीसोबत दाखवा. बदल झालाय का ते त्यावरून कळतं.

---

शल्य_सोलापूर
निलेश, आता ओळीने वाचू. खिडकीत गाठ आहे आणि डावी नस त्याच खिडकीतून वळते, म्हणजे आवाजाचं कारण इथे जुळतं. श्वासपटलं पातळीवर आहेत, याचा अर्थ शेजारून जाणारी फ्रेनिक अजून धडधाकट दिसतेय. महाधमनीला फुगवटा नाही, ही एक मोठी काळजी गेली.

गाठ कशाची आहे हे सीटी सांगू शकत नाही. आपल्याकडे क्षयाच्या गाठी असतात, कर्करोगाच्या असतात, इतरही असतात. जुने पट्टे आहेत म्हणून क्षयच असं धरून चालू नका. ६८ वर्षांच्या माणसात तुकडा घेतल्याशिवाय औषध सुरू करू नये, असं माझं मत.

आता अडचण अशी की या खिडकीतल्या गाठीपर्यंत पोचणं कठीण असतं. गळ्याच्या खळगीतून दुर्बीण घातली तर श्वासनलिकेच्या आजूबाजूच्या गाठी मिळतात, पण ही गाठ त्या दोराच्या पलीकडे, डावीकडे आहे. श्वासनलिकेतून सोनोग्राफीची सुई मारायची तर मधे मोठी धमनी येते. मग डावीकडे दुसऱ्या आणि तिसऱ्या बरगडीच्या मधून छोटा छेद घ्यावा लागतो किंवा छातीत दुर्बीण घालावी लागते.

पण तुमच्या रिपोर्टमध्ये दुसरी गाठ आहे. कॅरिनाच्या खाली, म्हणजे श्वासनलिका जिथे दुभंगते त्या बेचक्यात. ही मधल्या कप्प्यातली, श्वासनलिकेला चिकटलेली. तिथे सुई सहज पोचते, छेद लागत नाही. दोन्ही गाठी एकाच आजाराच्या असण्याची शक्यता जास्त, म्हणून सोपी आहे तिचा तुकडा आधी घेतात. तज्ज्ञांना हे विचारा.

---

बाळासाहेब_क
डॉक्टर, एक शंका. दोन्ही गाठी एकाच आजाराच्या नसल्या तर? बेचक्यातली साधी जुनी आणि खिडकीतली वेगळी?

---

शल्य_सोलापूर
योग्य प्रश्न. असं होतं. बेचक्यातल्या गाठी आपल्याकडे वयस्कर माणसांत कित्येकदा उगाच मोठ्या सापडतात. म्हणून तिथला निकाल "काही नाही" आला तर थांबायचं नाही, खिडकीतली गाठ गाठायचीच. निकाल ठोस आला तर मात्र पुढचा छेद वाचतो. या पायरीवर सर्जन आणि छातीचे डॉक्टर यांचं एकमत नेहमी होत नाही, मी स्वतः थेट छेदाच्या बाजूने जास्त झुकतो.

---

ईशा_एमबीबीएस_पहिलं_वर्ष
मॅडम, एक अडलंय. महाधमनीची कमान वरच्या मजल्यावर आणि फुफ्फुसधमनीची विभागणी खाली. मग त्यांच्या मधली खिडकी कुठल्या कप्प्यात मोजायची? परवा प्रॅक्टिकलला आम्ही दोघी याच्यावर भांडलो.

---

मृणाल_शरीररचना
ईशा, तुमचं भांडण खरं आहे. ती जागा बरोबर त्या आडव्या पातळीवर येते. दोराचं एक टोक वरच्या मजल्यावर, दुसरं खालच्या. मी वर्गात "सीमेवर" म्हणते आणि पुढे जाते, कारण कुठल्याही एका बाजूला टाकलं की दुसरी बाजू खोटी ठरते.

शिवाय ती पातळीच पक्की नाही. पुस्तकातली मापं पाठीवर झोपवलेल्या देहावर घेतलेली आहेत. उभ्या माणसात हृदय आणि रक्तवाहिन्या खाली येतात, श्वास घेतला की आणखी. ती रेष म्हणजे जमिनीवर आखलेली चुन्याची फक्की समज. अवयव तिला विचारून बसत नाहीत. पण देहावर काम करताना हात कुठे ठेवायचा हे कळायला ती रेष लागतेच, म्हणून मी सोडत नाही.

---

छायाचित्रकार
आता पटलं मॅडम. आमच्याकडे पेशंट झोपवून, श्वास धरायला लावून स्कॅन होतो. त्यामुळे उभ्याने काढलेल्या एक्स-रेशी पातळी जुळत नाही. मला वाटायचं आमचंच चुकतंय.

---

कोल्हापूरची_माई
निलेश, बाबांना पाणी पिताना ठसका लागतो म्हणालास. आईला वाणीउपचार करणाऱ्या ताईंनी शिकवलं होतं, घोट घेताना मान बाधित बाजूला वळवायची. म्हणजे बाबांची डावीकडे. आणि भांडं वाकवून वर बघत पाणी प्यायचं नाही. तिला याने ठसका कमी झाला. आपल्या डॉक्टरांना विचारून कर.

---

स्वरसाधक
मी सुरुवातीला घाईने सल्ला दिला, माफ करा निलेशराव. आजपासून माझ्या वर्गात कुणाचा आवाज तीन आठवड्यांवर बसला तर आधी दुर्बिणीला पाठवतो. एक विचारू का, बाबांचा आवाज परत येईल का?

---

शल्य_सोलापूर
नस नुसती दाबलेली असेल तर दाब निघाल्यावर काही महिन्यांत तंतू हलू लागतो, पण तशी खात्री कुणी देऊ शकत नाही. नस आतून गेली असेल तर तंतू हलत नाही. तेव्हा कान-नाक-घसा तज्ज्ञ थांबलेल्या तंतूत इंजेक्शन देऊन तो मधे सरकवतात, म्हणजे हलणारा उजवा तंतू त्याला टेकतो. आवाज भरतो, ठसकाही कमी होतो. हे गाठीचा निकाल यायच्या आधीही करता येतं. त्यासाठी वाट पाहायला हवीच असं नाही.

---

निलेश_वाईकर
आज छातीच्या डॉक्टरांनी बेचक्यातल्या गाठीची सुई तपासणी केली. तुम्ही सांगितल्याप्रमाणे मी आधी विचारलं, तर ते म्हणाले, "हो, तीच सोपी आहे, खिडकीतली नंतर बघू." क्षयाच्या जंतूची तपासणीही त्याच नमुन्यावर पाठवली आहे. निकालाला काही दिवस लागतील. स्वरतंतूच्या इंजेक्शनचं पुढच्या सोमवारी बोलायचं ठरलंय.

माई, मान डावीकडे वळवून पाणी पाजलं. सकाळचा चहा आज ठसक्याशिवाय गेला.

वडील खिशातला तो कागद घेऊन गेले होते. तपासणीनंतर खाटेवर पडल्या पडल्या त्यांनी छातीच्या हाडावरून बोट सरकवलं, उंचवटा सापडला तसं मला खुणेने जवळ बोलावलं आणि त्या फुसक्या आवाजात म्हणाले, "इथून खाली दुसरा मजला." निकाल आला की इथेच लिहितो.